नवऱ्याची कमाई, बायकोची नोकरी

नवऱ्याची कमाई जास्त असली की बायको नोकरी करत नाही, असं आकडे सुचवतात. पण दोन्हींमागे घरातलं एखादं न मोजलेलं कारण असेल, तर हो-नाही उत्तरांचं प्रोबिट मॉडेल फसतं. यावर रिव्हर्स आणि वुओंग यांनी 1988 मध्ये सोपी वाट दाखवली.

आधी नवऱ्याचं शिक्षण आणि बायकोचं वय, शिक्षण, मुलं यांवरून कमाईचा अंदाज बांधायचा. खरी कमाई आणि अंदाज यांतली तफावत प्रोबिटमध्ये खऱ्या कमाईच्या जोडीला घालायची. लपलेलं कारण त्या तफावतीत उतरतं. तिचा गुणक शून्यापासून स्पष्ट वेगळा निघाला, तर शंका रास्त होती.

नवऱ्याचं शिक्षण बायकोच्या निर्णयावर थेट परिणाम करत असेल, तर मात्र उत्तर चुकतं. आणि एवढ्या माहितीवर ते तपासताही येत नाही.