"द्या इकडं, मी करते!" इथंच लीडर अडकतो



आज आपण आजऱ्याला जाऊया. संकेश्वरहून आंबोलीकडे जाताना हिरण्यकेशीच्या काठी लागतो तोच आजरा. बाहेरच्यांना हे गाव घनसाळ तांदळामुळं माहीत असतं. पण आजरा-चंदगड भागातल्या शेकडो घरांची चूल काजूवरही पेटते. इथले बरेच काजू कारखाने छोटे आहेत, वीस-पंचवीस माणसांचे, आणि त्यातल्या बहुतेक बायका.

अशाच एका कारखान्याच्या मालकांनी मला बोलावलं होतं. नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची एकट्याची नव्हती. ही चूक आपण सगळेच करतो.

ते म्हणाले, "सर, माझी सगळ्यात भारी बाई मी सुपरवायझर केली. आणि त्या दिवसापासून माल कमी निघायला लागला. असं कसं हो?"

आधी काम समजून घेऊ

काजू बी उकडतात, फोडतात, आतला गर बाहेर काढतात. मग तो गर साधारण ७० अंशांवर ड्रायरमध्ये काही तास सुकवतात, म्हणजे त्यावरची लालसर साल सैल होते. ही साल हातानं काढायची, त्याला म्हणायचं सोलणी. त्यानंतर आकाराप्रमाणं ग्रेडिंग. डब्ल्यू ३२० हा ग्रेड तुम्ही ऐकला असेल. त्याचा अर्थ एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, ३०० ते ३२० अखंड गर बसतात.

सगळी गंमत 'अखंड' या शब्दात आहे. गर अखंड राहिला तर एक भाव. त्याची पाकळी झाली तर कमी. तुकडा झाला तर आणखी कमी. आणि गर तुटायची एक मोठी जागा म्हणजे सोलणीचं टेबल.

या टेबलावर १२ बायका होत्या. त्यातल्या एक ताई दिवसाला १४ किलो सोलायच्या, बाकीच्या अकराजणी सरासरी ८ किलो. ताईंच्या ट्रेमध्ये तुकडा १०० किलोमागं ५ किलो, इतरांच्यात १४ किलो. साहजिकच मालकांनी ताईंना लीडर केलं.

पहिल्या महिन्यानंतर वहीत काय दिसलं? ताईंची स्वतःची सोलणी १४ वरून ९ किलोवर आली. बाकीच्यांची वाढायच्या ऐवजी थोडी कमीच झाली. पूर्वी टेबलाचा दिवसाचा माल १०२ किलो निघायचा, तो आता ९३ वर आला. ताई सगळ्यात आधी यायच्या, सगळ्यात शेवटी जायच्या, आणि तरीही ९ किलो कमी.

टेबलाजवळ बसल्यावर दिसलेली गोष्ट

मी दोन तास नुसता बसून बघितलं. एखादीचा गर तुटला की ताई म्हणायच्या, "द्या इकडं, मी करते." मावशींची साल निघत नव्हती, ट्रे ताईंकडं. नवीन मुलगी हळू चालली होती, निम्मा ट्रे ताईंकडं. ताईंच्या बाजूला ट्रेची थप्पी लागलेली, आणि तीन बायका हात बांधून बसलेल्या. कारण ताईंनी बघितल्याशिवाय ट्रे पुढं द्यायचा नाही, असा नियम ताईंनीच केला होता.

चहाच्या वेळी विचारलं, "ताई, त्यांना करू का देत नाही?"

"सर, त्यांना सांगत बसायचं म्हटलं तर अर्धा तास जातोय. माझ्या हातानं धा मिनिटांत होतंय की."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्या ट्रेपुरतं ते खरंच होतं. पण लीडरचा हिशोब एका ट्रेचा नसतो, टेबलाचा असतो.

मी वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवलं. ताईंनी सोलणी पूर्ण बंद केली तर त्यांचे १४ किलो गेले. ते भरून काढायला अकराजणींनी किती वाढवायला हवं? १४ भागिले ११, म्हणजे प्रत्येकीमागं सव्वा किलो. ८ वरून सव्वानऊ. तेवढं झालं की ताईंनी एकही गर न सोलता पूर्वीचेच १०२ किलो निघतात. त्याच्या वरचं सगळं फायदा.

ताई बराच वेळ त्या आकड्याकडं बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "पर मग मी दिवसभर करायचं काय? नुसतं हिंडू? बाकीच्या म्हणतील, लीडर झाली आन् आता काम नको वाटतंय."

मित्रांनो, खरा अडथळा हा आहे. चांगलं काम करणाऱ्या माणसाची सगळी इज्जत त्याच्या हातात असते. संध्याकाळी ट्रे मोजला की कळतं, आज मी काय केलं. लीडरला संध्याकाळी मोजायला स्वतःचा ट्रेच नसतो. म्हणून तो परत परत हातातलं काम ओढून घेतो. आणि इथं तर कालपर्यंत शेजारी बसणाऱ्या, एकाच वाडीतल्या बायका. मावशींना "हे असं नाही, असं करा" म्हणण्यापेक्षा त्यांचा ट्रे आपण सोलून टाकणं कितीतरी सोपं.

हातातलं कसब तोंडात आणायचं

"भारी" माणसाची आणखी एक अडचण असते. आपण भारी का आहोत, हे त्याला स्वतःलाच सांगता येत नाही. मी ताईंना विचारलं, तुमचा गर तुटत का नाही? म्हणाल्या, "सवय हाय."

सवय शिकवता येत नाही, तिचे तुकडे करावे लागतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत कारखान्यांना घाईनं नवीन कामगार तयार करायचे होते, तेव्हा सुपरवायझरना शिकवायची एक साधी पद्धत बसवली गेली. पुढं जपानी कारखान्यांनीही ती उचलली. तिच्यात कागदावर तीन रकाने असतात: काय करायचं, त्यात मेख काय, आणि ती मेख का.

आम्ही ताईंना सोलायला बसवलं आणि समोर बसून लिहून काढलं. तीनच गोष्टी निघाल्या. पहिली, ताई आधी चाकू उचलतच नाहीत, अंगठ्यानं साल चोळून काढतात. कारण चाकूचं टोक आत गेलं की गर फुटतो किंवा त्यावर ओरखडा राहतो. दुसरी, चाकू लागलाच तर त्या तो आडवा धरतात, टोकानं खणत नाहीत. तिसरी सगळ्यात महत्त्वाची: चोळून साल निघाली नाही तर त्या गराशी झटापट करत नाहीत. तो बाजूच्या डब्यात टाकतात, आणि तो डबा परत सुकवायला जातो. बाकीच्या बायका नेमक्या याच गरांवर वेळ घालवत होत्या आणि ते तोडत होत्या.

मग एका वेळी एकीला शिकवायचं ठरलं. ताईंनी हळू करून दाखवायचं आणि करताना बोलायचं. मग समोरचीनं करायचं आणि तिनंही बोलायचं, "आता अंगठ्यानं चोळते, निघत नाही, डब्यात टाकते." तिच्या तोंडून 'का' आलं की कळलं असं समजायचं. मग ताईंनी उठून जायचं आणि अर्ध्या तासानं परत बघायचं. या वेळात ताईंनी हात मागं बांधायचे. हो, खरोखर मागं बांधायचे! त्यांना ते सगळ्यात जड गेलं.

हात बिघडला की माल?

दुसरं काम वहीचं. ट्रे घेताना त्यात आधीच फुटलेले किती आणि सोलून देताना किती, दोन्ही वजनं लिहायची. नाहीतर फोडणीत तुटलेल्या गराचा दोष सोलणाऱ्या बाईवर येतो, आणि एकदा खोटा दोष आला की ती लीडरचं ऐकत नाही.

पंधरा दिवसांत ताईंना या वहीत एक गोष्ट दिसायला लागली. एकीचाच तुकडा रोज जास्त असेल, तर हात बघायचा. पण सगळ्यांचाच एकाच दिवशी वाढला, तर हात नाही, माल बघायचा. आजऱ्याच्या पावसात गर पटकन दमट होतो आणि साल चिकटून बसते. उलट ड्रायरमध्ये जास्त राहिला तर ठिसूळ होऊन नुसत्या बोटानं फुटतो. एक दिवस सगळ्यांचा तुकडा वाढल्यावर ताईंनी कुणालाही न बोलता थेट ड्रायरवाल्या दादांना गाठलं. स्वतः १४ किलो सोलत बसल्या असत्या, तर हे त्यांना दिसलंच नसतं.

दोन महिन्यांनी अकराजणींची सरासरी साडेनऊ किलोवर गेली, म्हणजे टेबलाचे साधारण १०४ किलो. तुकडा १४ वरून ९ टक्क्यांवर आला. दिवसाला जवळपास ५ किलो गर तुकडा व्हायचा वाचला. अखंड आणि तुकडा यांच्या भावात किलोला १५० रुपयांचा फरक धरला, तर रोजचे साधारण ७५० रुपये. तुमचा भाव घालून तुमचा हिशोब करा.

पहिल्या दोन आठवड्यांत मात्र माल आणखी घटला होता, आणि मालक दोनदा म्हणाले, "ताईंना परत बसवू का?" तिथं थांबलो नसतो, तर सगळं फुकट गेलं असतं.

मालकाची बाजू

ताई लीडर झाल्या, पण पैसे अजून किलोवरच मिळत होते! मग त्या ट्रे का सोडतील? म्हणून आधी हे बदललं. मागच्या तीन महिन्यांच्या कमाईची सरासरी काढून त्याच्या थोडा वर ठरलेला पगार दिला, आणि वर टेबलाच्या अखंड मालावर छोटा बोनस. एकूण किलोवर बोनस देऊ नका. तो दिलात तर टेबल घाईला लागेल आणि तुकडा वाढेल.

आणि प्रत्येक भारी कारागिराला लीडर व्हायचंच असतं असं नाही. दोन महिने करून बघू, नको वाटलं तर मान राखून परत जुन्या जागी, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. तसं परत येणं म्हणजे हार नव्हे.

लीडरनं कधीच हात लावायचा नाही का? लावायचा. गाडी दारात उभी आहे, दोघी आजारी आहेत, तर बसायचं. पण काम संपलं की उठायचं. "कुणाला जमत नाही म्हणून मी" हे कारण मात्र चालणार नाही.

आता तुमच्यासाठी एकच काम. तुमच्या लीडरला, किंवा तुम्ही स्वतःच लीडर असाल तर स्वतःला, पुढच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी द्या. त्या दिवशी काय अडलं ते लिहून ठेवा. जे अडलं, ते अजून कुणाला शिकवलेलं नाही. तिथूनच सुरुवात करा.

ताईंनी मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नासाठी तीन दिवस सुट्टी घेतली. आल्या आल्या आधी वही उघडली. माल १०३, १०५, १०४. मालक सांगत होते, क्षणभर त्यांचा चेहराच पडला. मग स्वतःच हसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याबिगर बी चाललं की!"