वड्याचे तेल वांग्यावर : कामावरची चिडचिड घरात येते तेव्हा



वड्याचे तेल वांग्यावर काढणे ही म्हण आपण सगळेच वापरतो. साहेबांवरचा राग बायकोवर निघतो, बायकोचा मुलावर निघतो आणि मुलगा दप्तर आपटतो. ही साखळी घडते कशी, तिने कोणत्या नात्याचे काय होते आणि ती नेमकी कुठे तोडता येते, एवढेच आम्ही या लेखात मांडणार आहोत. उदाहरण वडिलांचे घेतले आहे, पण नोकरी करणाऱ्या आईला ते तितकेच लागू आहे.

चिडचिडीची दोन रूपे

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ रेना रेपेटी यांनी विमानांना रस्ता दाखवणाऱ्या हवाई वाहतूक नियंत्रकांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९८९ आणि १९९४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक बारीक फरक दिसला. ज्या दिवशी कामाचा नुसता भार जास्त होता, त्या दिवशी माणूस घरी येऊन गप्प बसे. ज्या दिवशी कामावर कुणाशी खटका उडाला होता, त्या दिवशी मुलांशी वागताना राग आणि शिस्तीचा बडगा वाढे. म्हणजे चिडचिड केवळ ओरडण्यातूनच येते असे नाही. घुमेपणा हेही तिचेच रूप आहे, आणि 'मी तर घरी कुणाला एक शब्द बोललो नाही' असे म्हणणाऱ्याच्या हे लक्षातच येत नाही.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. भार जास्त असलेल्या दिवशी पत्नीने नवऱ्याला थोडा वेळ एकटे राहू दिले, तर नंतर राग कमी दिसला. थोडी शांतता औषधासारखी असते. ती रात्रभर लांबली, की घरच्यांना तिचा अर्थ अबोला असाच लागतो.

तासाभराच्या प्रवासाने राग का उतरत नाही?

खटका उडाला की शरीरात ॲड्रेनलिन हे संप्रेरक वाढते. ते काही मिनिटांत ओसरते. कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक सावकाश उतरते. रक्तातले त्याचे प्रमाण निम्मे व्हायलाच तास-दीड तास लागू शकतो. त्यातच माणूस वाटेत तोच प्रसंग मनात घोळवत राहिला, 'मी असे उत्तर द्यायला हवे होते' असे म्हणत राहिला, तर शरीर पुन्हा पुन्हा तापते. घरी पोचेपर्यंत रागाचे कारण मागे पडलेले असते, ताप मात्र शिल्लक असतो. मग समोर जे पहिले येईल तेच रागाचे कारण वाटू लागते. आपण आताच्या गोष्टीवर चिडलो आहोत, अशी त्या माणसाची प्रामाणिक समजूत असते.

एक नमुन्याची संध्याकाळ

समजा, आपल्या इंदूरचे एक गृहस्थ पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी करतात. दुपारी चार वाजता ग्राहकाकडून माल परत आला. चूक दुसऱ्या पाळीची होती, पण साहेबांनी सगळ्यांदेखत यांनाच सुनावले. सहाला कंपनीची बस निघाली. वाटभर मोबाइलवरच्या गटात त्याच विषयाचे संदेश येत राहिले. साडेसातला ते घरी पोचले. आई म्हणाली, "बाळ, माझ्या बीपीच्या गोळ्या आणल्यास का? एकच उरली आहे." पत्नीने विचारले, "अहो, रविवारी ताईंकडे जायचं आहे ना? काय कळवू?" सातवीतला मुलगा गणिताचा पेपर घेऊन आला. गुण २० पैकी ११, आणि सही उद्याच हवी.

गृहस्थ कडाडले, "दिवसभर दुसऱ्यांच्या चुका निस्तरायच्या आणि घरी आलो की तुमच्या!" आणि खोलीत जाऊन त्यांनी दार लावून घेतले.

तिन्ही प्रश्न साधे होते. वाक्य चार वाजताचे होते, ते साडेसातला बाहेर पडले. पण ते ज्यांनी ऐकले, त्या तिघांनी त्याचे तीन वेगळे अर्थ लावले.

आई, पत्नी, मुलगा

आजींना वाटले, आपण ओझे झालो. पुढच्या वेळी त्या गोळ्या संपत आल्याचे सांगत नाहीत. उरलेल्या पुरवून, दिवसाआड घेतात. रक्तदाबाच्या गोळ्या अशा मनाने कमी केल्या की दाब पुन्हा चढतो, आणि काही गोळ्या एकदम सुटल्या तर तो झपाट्याने वाढतो. मुलाच्या रागाचा परिणाम आईच्या तब्येतीवर असा आडवाटेने होतो.

पत्नी दाराशी जाऊन विचारते, "काय झालं ते सांगा ना." ते म्हणतात, "काही नाही." ती जितके विचारते तितके ते आत ओढले जातात, आणि ते जितके गप्प राहतात तितके ती जास्त विचारते. एकाची मागणी आणि दुसऱ्याची माघार हे चक्र जोडप्यांवरच्या अभ्यासात वारंवार दिसले आहे. यात दोघांनाही समोरच्याने सुरुवात केली असेच वाटते. हळूहळू ती मध्यस्थ होते. "बाबांना आत्ता काही विचारू नकोस" हे तिचे रोजचे वाक्य होऊन बसते.

मुलाला साहेब, परत आलेला माल, यांतले काहीच माहीत नसते. त्याला माहीत असतात ते फक्त त्याचे ११ गुण. घरात काही बिनसले की ते आपल्यामुळेच, असा निष्कर्ष मुले सहज काढतात. पुढचा पेपर तो सकाळी बस सुटायच्या घाईत पुढे करतो, किंवा दप्तरातच ठेवतो. मग गणितात त्याचे कुठे अडते ते घरात कुणालाच कळत नाही.

एलेन गॅलिन्स्की यांनी अमेरिकेत हजाराहून अधिक मुलांना विचारले होते की, आई-वडिलांच्या नोकरीमुळे आपल्यावर जो परिणाम होतो त्यात एकच बदल मागता आला तर काय मागाल. त्यांचे पुस्तक १९९९ साली आले. मुले 'आणखी वेळ द्या' म्हणतील असा पालकांचा अंदाज होता. मुलांनी सर्वांत जास्त मागितले ते हे, की आई-बाबा कमी थकलेले आणि कमी ताणलेले असावेत.

घरात हे सुरू झाले आहे का, ते ओळखायच्या खुणा साध्या आहेत. स्कूटरचा आवाज आला की बोलणे थांबते. मुले आधी आईला विचारतात, "बाबांचा मूड कसा आहे?" आजी आपले काम नातवाकरवी सांगतात.

तीच संध्याकाळ, दुसऱ्या तऱ्हेने

बसमध्ये गृहस्थ कागदावर तीन ओळी लिहितात : काय झाले, उद्या पहिले काम कोणते, आणि त्यासाठी कुणाशी बोलायचे. अर्धवट राहिलेली गोष्ट मनात वाजत राहते. पुढची पायरी ठरली की ती बरीच शांत होते. मोबाइलवरचा गट ते सकाळपर्यंत बंद ठेवतात.

दारात ते एवढेच सांगतात, "आज कंपनीत बोलणी खावी लागली. तुमच्यापैकी कुणावर राग नाही. मला वीस मिनिटं द्या, आठ वाजता बोलू." यात तीन गोष्टी आहेत : कारण, 'तुमच्यावर नाही' हा निर्वाळा, आणि वेळ. पहिल्या दोन बहुतेक जण सांगतात, तिसरी विसरतात. वेळ सांगितली नाही की घरचे ताटकळतात.

ती वीस मिनिटे हात-पाय धुणे, कपडे बदलणे, गच्चीवर फेऱ्या मारणे यांसाठी. बातम्या आणि मोबाइल यांसाठी नव्हेत. आठ वाजता ते स्वतः बाहेर येतात, कुणी बोलवायला जात नाही. आधी मुलाचा पेपर पाहतात, मग कोपऱ्यावरून आईच्या गोळ्या आणतात. कंपनीतली हकिकत जेवणानंतर, पत्नीपाशी. तिने सुरुवातीलाच विचारावे, "सल्ला हवा आहे, की नुसतं ऐकू?" बरीच भांडणे न मागितलेल्या सल्ल्यावरून होतात.

पत्नीही नोकरी करत असेल, तर वीस मिनिटे तिलाही हवीत. ती बसमधून उतरून थेट गॅसपाशी जाते आणि हे गच्चीवर जातात, असे असेल तर एक राग गेला आणि दुसरा आला. आधी एकाने घ्यावीत, तेवढ्यात दुसऱ्याने कुकर लावावा, मग पाळी बदलावी.

आणि तरीही भडका उडालाच तर? झोपण्यापूर्वी मुलाला सांगावे, "मी ओरडलो ते चुकलं. राग कंपनीतला होता, तुझ्या गुणांचा नव्हता." पुढे 'पण तूसुद्धा...' जोडू नये. काही न बोलता सराफ्यात नेऊन आइस्क्रीम खाऊ घातले, तर मुलाला आइस्क्रीम मिळते. राग कशाचा होता ते कळत नाही.

याची मर्यादा

मारहाण, शिवीगाळ किंवा घरच्यांना धाक बसवणे याला कामाचा ताण म्हणू नये. जो माणूस साहेबांपुढे जीभ आवरतो, त्याला ती घरीही आवरता येते. तिथे वीस मिनिटांचा उपाय नाही; घरच्यांनी बाहेरची मदत घ्यावी. चिडचिड दोन आठवडे बहुतेक दिवस राहिली, झोप-भूक बिघडली किंवा दारू वाढली, तर डॉक्टरांना दाखवावे. थायरॉइड, मधुमेह, रात्रपाळीने तुटलेली झोप यांनीही माणूस चिडका होतो. सरकारच्या 'टेली मानस' या १४४१६ क्रमांकावर फुकट बोलता येते.

विद्यार्थी मित्रांनो, घरी आलेले मोठे माणूस गप्प असेल तर ते तुमच्यामुळेच, असे धरून चालू नका. थोड्या वेळाने सरळ विचारा, "माझ्यावर रागावलात का?" हा उद्धटपणा नाही.

आणि शिक्षक व विश्वस्त मंडळींना एक विनंती. पेपरवर 'उद्याच सही' असे न लिहिता दोन दिवसांची मुदत द्यावी, आणि त्यात जमेल तेव्हा एक रविवार यावा. निदान गणिताचा पेपर तरी साडेसातच्या दारातून बाजूला होईल.