बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे उतरणारे दुखणे

पोटात दुखू लागले की आपल्या घरांमध्ये निदान आधी होते आणि डॉक्टर नंतर येतो. बेंबीभोवती कळ आली तर ‘वायगोळा उठला’, आदल्या दिवशी लग्नाचे जेवण झाले असेल तर ‘गॅस धरला’, आणि घरात एखादी अनुभवी आजी असेल तर ‘बेंबी सरकली’. बहुतेक वेळा हे चालूनही जाते. पोटदुखीची बहुतेक कारणे किरकोळ असतात आणि दुखणे आपले आपण थांबते. ओवा खाल्ला काय, न खाल्ला काय, दोन-तीन तासांत बरे वाटते आणि श्रेय ओव्याला मिळते. अडचण होते ती अपेंडिसायटिसच्या बाबतीत. सुरुवातीचे काही तास तो हुबेहूब गॅससारखा वागतो आणि दुखतोही बेंबीपाशीच.

आता अपेंडिक्स, म्हणजे आंत्रपुच्छ, हे काही बेंबीखाली नसते. पोटात उजवीकडे खाली, मोठे आतडे जिथे सुरू होते तिथे लोंबणारी, करंगळीपेक्षाही बारीक अशी ती एक नळी आहे. लांबी साधारण सहा ते दहा सेंटिमीटर, एक टोक बंद. मग दुखणे बेंबीजवळ का जाणवते? याचे उत्तर मज्जातंतूंच्या मांडणीत आहे. आतड्यांना कातडीसारखे नेमके दुखणे कळत नाही. अपेंडिक्सचे तोंड शौचाच्या खड्याने किंवा सुजेने बंद झाले, की आत स्राव साचत जातो आणि नळी ताणली जाते. हा ताण मेंदूकडे कळवणारे तंतू मज्जारज्जूमध्ये ज्या पातळीवर शिरतात, त्याच पातळीवर बेंबीभोवतीच्या कातडीचेही तंतू येतात. मेंदूची गल्लत होते आणि तो दुखणे बेंबीच्या खात्यावर टाकतो. म्हणून हे दुखणे बोथट असते, कळ येते आणि ओसरते, आणि रुग्णाला ‘कुठे दुखते?’ विचारले तर तो बोट न ठेवता सगळा तळहात पोटावर गोल फिरवतो.

पुढच्या काही तासांत नळीतला दाब वाढतो, रक्तपुरवठा अडू लागतो, जंतू भिंतीत शिरतात. सुजलेले अपेंडिक्स मग पोटाच्या आतल्या अस्तराला टेकते. या अस्तराचे तंतू वेगळे आहेत, त्यांना जागा बरोबर सांगता येते. आता दुखणे उजवीकडे खाली येते, तीक्ष्ण होते, सतत राहते आणि रुग्ण एका बोटाने जागा दाखवतो. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक चार्ल्स मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये ही जागा वर्णन केली. उजव्या कुल्ल्याच्या हाडाचे पुढे हाताला लागणारे टोक आणि बेंबी यांना जोडणारी रेघ कल्पावी, हाडाकडून एक तृतीयांश अंतरावर थांबावे. आजही आमचे बोट आधी तिथेच जाते.

म्हणजे दुखणे सरकले याचा अर्थ आजार एक पायरी पुढे गेला. घरात मात्र याचा नेमका उलटा अर्थ लावला जातो. असाच उलटा अर्थ लावला गेलेला एक रुग्ण आमच्याकडे आला होता. ओळख पटेल असे तपशील गाळून सांगतो.

मुलगा बारावीतला, धडधाकट. शनिवारी दुपारी लग्नाचे जेवण, रात्री दहाच्या सुमारास बेंबीभोवती दुखू लागले. आईने ओवा आणि काळे मीठ दिले. रात्री दोनला एकदा उलटी झाली. ‘बरे झाले, बाधलेले पडून गेले’ असे सगळ्यांना वाटले. रविवारी सकाळी त्याने चहा नको म्हटला, पोहेही नको म्हटले. औषधांच्या दुकानातून आम्लपित्ताची गोळी आणि पाण्यात फसफसणारी पावडर आली. दुपारी एकच्या सुमारास दुखणे उजवीकडे खाली गेले. काका म्हणाले, ‘गॅस खाली उतरतोय, आता सुटेल.’ तो सुटावा म्हणून संध्याकाळी पोट तेलाने चोळले आणि रात्री एरंडेल पाजले. सोमवारी पहाटे चारला मुलगा अचानक म्हणाला की दुखायचे थांबले. घरच्यांनी सुटकेचा श्वास सोडला. त्याला अर्धा कप चहाही दिला.

दुखणे थांबले होते, कारण अपेंडिक्स फुटले होते. ताणलेली नळी फुटली की आतला दाब एकदम उतरतो आणि तासा-दोन तासांपुरता खरोखरच आराम पडतो. मग तो पू आणि आतड्यातली घाण अस्तरावर पसरते. नऊ वाजता त्याचे सगळे पोट दुखू लागले. अकराला तो आमच्या अपघात विभागात आला तेव्हा ताप १०२ होता, नाडी १२६ आणि पोट फळीसारखे कडक. सुरुवातीपासून ३७ तास झाले होते. आमच्या शल्यचिकित्सा विभागातील सहकाऱ्यांनी पोट उघडले. अपेंडिक्सच्या बुडाशी वाटाण्याएवढा शौचाचा खडा होता, त्याच्या पुढचा भाग काळा पडून फाटला होता, आणि ओटीपोटात पू साचला होता. पोट आतून धुतले, पू वाहून जाण्यासाठी नळी ठेवली. पुढे जखमेतही पू झाला. रविवारी दुपारी आला असता तर दोन-तीन दिवसांत घरी गेला असता. त्याला अकरा दिवस राहावे लागले आणि प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली.

या गोष्टीत कोणी निष्काळजी नव्हते. रात्रभर आई उशाशी बसून होती. पण प्रत्येक उपायाने ‘थोडी वाट पाहू’ म्हणायला एक निमित्त दिले, आणि नेमके तेच परवडणारे नव्हते. पहिल्या २४ ते ३६ तासांत अपेंडिक्स फुटण्याचा धोका बराच कमी असतो, त्यानंतर तो चढत जातो. अर्थात प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. लहान मुलांत ते फार वेगाने चालते.

सगळे उपाय सारखेच वाईट असेही नाही. ओवा, हिंग, सोडा यांनी अपेंडिक्सला काहीच होत नाही, ना चांगले ना वाईट. नुकसान होते ते गेलेल्या वेळाचे. कळ मुळातच येते-जाते, त्यामुळे पावडर घेतल्यावर योगायोगाने कळ ओसरली की ती लागू पडल्याचा भास होतो. एरंडेल, जुलाबाची गोळी आणि एनिमा मात्र टाळलेच पाहिजेत. त्यांनी आतड्याचे आकुंचन वाढते आणि तुंबलेली, सुजलेली नळी फुटण्याची भीती असते. पोट चोळणे आणि ‘बेंबी बसवणे’ हेही त्याच कारणासाठी नको.

दुखणे थांबवणाऱ्या इंजेक्शनबद्दल एक गैरसमज आमच्या पेशातही बराच काळ होता. वेदनाशामक दिले की निदान चुकते, असे शिकवले जायचे. आता आपल्याला माहीत आहे की पोट तपासून झाल्यावर वेदनाशामक द्यायला हरकत नसते, रुग्णाला तळमळत ठेवण्याचे कारण नाही. पण कोणी पोटाला हातही न लावता इंजेक्शन दिले आणि ‘उद्या बघू’ म्हणून घरी पाठवले, तर ते वेगळे. दोन दिवसांच्या अर्धवट प्रतिजैविकांचेही तसेच. ताप दबतो, आजार आतल्या आत मुरतो आणि आठवड्याने उजवीकडे गोळा हाताला लागतो.

मग घरी ओळखायचे कसे? पहिली गोष्ट क्रम. अपेंडिसायटिसमध्ये बहुधा आधी दुखते, मग भूक जाते, मळमळ किंवा एक-दोन उलट्या होतात, आणि ताप सगळ्यांत शेवटी, तोही सुरुवातीला बेताचाच. उलट्या-जुलाब आधी आणि मुरडा नंतर असेल तर पोट बिघडल्याची शक्यता जास्त. दुसरी गोष्ट हालचाल. गॅसचा माणूस येरझाऱ्या घालतो, पोट दाबून बसतो, वारा सरला की हलका होतो. अपेंडिक्स अस्तराला टेकलेला माणूस निपचित पडतो, उजवा गुडघा पोटाशी घेतो आणि खोकतानाही पोट धरतो. त्याला टाचा उचलून खाली आपटायला सांगा, चेहरा आक्रसतो.

स्पीडब्रेकरचीही साक्ष घेता येते. इंग्लंडमध्ये २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात रुग्णांना विचारले होते की दवाखान्यात येताना गतिरोधकावरून गाडी गेली तेव्हा दुखले का. अपेंडिसायटिस नक्की झालेल्या ३४ जणांपैकी ३३ जण ‘हो’ म्हणाले. अपेंडिक्स चांगले असलेल्यांपैकीही बरेच जण ‘हो’ म्हणाले, म्हणून एवढ्यावर निदान करता येत नाही. पण धक्क्याने अजिबात दुखत नसेल तर अपेंडिक्सची शक्यता कमी होते. आपल्या रस्त्यांवर ही चाचणी रुग्णालयापर्यंत चार-पाच वेळा सहज होऊन जाते.

हे पुस्तकातले चित्र झाले. दुखणे असे शिस्तीत सरकते ते सुमारे निम्म्या रुग्णांत. अपेंडिक्स आतड्याच्या मागे वळलेले असेल तर दुखणे कुशीत किंवा पाठीत येते आणि मुतखडा वाटतो. ते ओटीपोटात लोंबत असेल तर लघवीला वारंवार लागते किंवा पातळ शौचाला होते. गरोदरपणात वाढत्या गर्भाशयामुळे ते वर ढकलले जाऊ शकते. वृद्धांमध्ये दुखणे आणि ताप दोन्ही मवाळ असतात. तरुण मुलींमध्ये बीजाशयाची गाठ किंवा पीळ असेच दुखवू शकतो. तोही ताबडतोब पाहण्याचाच आजार.

म्हणून मी घड्याळाकडे पाहायला सांगतो. एरवी ठीक असलेल्या माणसाचे पोट सलग सहा तास जोरात दुखत राहिले, तर कारण बहुधा शस्त्रक्रियेच्या कक्षेतले असते, हा झॅकरी कोप या ब्रिटिश शल्यचिकित्सकाने १९२१ च्या आपल्या पुस्तकात दिलेला ठोकताळा अजून जुना झालेला नाही. आणि दुखणे उजवीकडे उतरलेच, तर सहा तासांचीही वाट पाहू नका.

निघताना दुखणे किती वाजता सुरू झाले, किती वाजता सरकले आणि कोणती औषधे पोटात गेली, हे कागदावर लिहून घ्या. मोबाइलवर लिहिले तरी चालेल. तेव्हापासून खायला-प्यायला काही देऊ नका, भूल द्यावी लागू शकते. रुग्णालय गाठा ते शस्त्रक्रियेची सोय असलेलेच. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे पोट तपासतील, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि लघवी पाहतील, सोनोग्राफी करतील. सोनोग्राफीत आतड्यातल्या हवेमुळे अपेंडिक्स कधी दिसतच नाही. ‘दिसले नाही’ याचा अर्थ ‘चांगले आहे’ असा नव्हे, तेव्हा डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील किंवा दाखल करून दर काही तासांनी पुन्हा पोट तपासतील. त्याला कंटाळून घरी जाण्याचा हट्ट धरू नये. न फुटलेल्या काही रुग्णांना शस्त्रक्रियेऐवजी प्रतिजैविकांवरही ठेवता येते, मात्र ते स्कॅन पाहून आणि देखरेखीखाली. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशा दहांपैकी सुमारे तिघांना तीन महिन्यांच्या आत शस्त्रक्रिया करून घ्यावीच लागली होती, हे कुठला पर्याय घ्यायचा ते ठरवताना डॉक्टरांना विचारून घ्यावे.