उरलेला भात आणि ताटातलं खरकटं

लग्नाच्या बुफेत वाया गेलेलं अन्न दोन ठिकाणी सापडतं. काउंटरवरच्या पातेल्यांत जे उरतं, ते अंदाज चुकल्यामुळे. ताटांतून परत येतं, ते वाढण्याच्या पद्धतीमुळे किंवा चवीमुळे. दोन्हींचे उपाय वेगळे असल्याने त्यांची वजनंही वेगळी घ्यावी लागतात. एकत्र मोजलं तर कळतं फक्त एवढंच, की खूप वाया गेलं.

समजा, ५०० पाहुण्यांच्या रिसेप्शनला ४० किलो तांदळाचा जिरा राईस केला. शिजल्यावर त्याचा साधारण ११० किलो भात झाला. कार्यक्रम संपल्यावर पातेल्यांत २६ किलो उरला, म्हणजे ८४ किलो ताटांत गेला. आता हे कितीजणांनी घेतलं? इथे ५०० ने भागलं तर हिशोब फसतो, कारण तो आकडा आमंत्रणाचा. ताटं मोजली तर ती ४२० भरली. म्हणजे एका ताटामागे २०० ग्रॅम भात.

पुढच्या वेळी तेवढीच माणसं अपेक्षित असतील, तर ८४ किलोवर दहा टक्के राखीव धरून सुमारे ९२ किलो भात पुरतो. त्याला ३४ किलोच्या आत तांदूळ लागतो. तोही एकदम शिजवायचा नाही. पहिल्या घाण्यात २५ किलो लावावा आणि उरलेला ताटांचा आकडा बघत लावावा. न शिजलेला तांदूळ परत पोत्यात जातो, काउंटरवर तीन तास उघडा राहिलेला भात मात्र कुणाला द्यायलाही धोक्याचा असतो.

ताटातलं खरकटं एकत्रच येतं, त्यामुळे पदार्थवार वजन शक्य नसतं. टिश्यू पेपर, वाट्या, लिंबाच्या साली वेगळ्या टाकून फक्त अन्नाची बादली तोलावी. समजा ती ४२ किलो भरली, तर ताटामागे १०० ग्रॅम. बादलीजवळच्या माणसाने कोणता पदार्थ जास्त दिसतो, याच्या वहीत रेघा ओढाव्यात. भात जास्त दिसला तर काउंटरवरचा डाव लहान करून बघावा. बहुतेक ताटांत एखादी भाजी दोन घास खाऊन सोडलेली दिसली, तर दोष डावाचा नाही, भाजीचा आहे.

एका लग्नावरून नियम बनवू नये. दुपारच्या जेवणाचे आणि रात्रीच्या रिसेप्शनचे आकडे वेगळे ठेवावेत, कारण खाणं वेगळं असतं.

खरी अडचण करारात आहे. ५०० ताटांचे पैसे ठरलेले असतील, तर कमी शिजवण्यात मालकाची बचत नाही आणि पदार्थ संपला तर केटररची बदनामी होते. म्हणून बुकिंग करतानाच हमीचा आकडा कमी ठेवावा, वरच्या ताटांचा दर आधी ठरवावा आणि कार्यक्रमानंतर शिजवलेलं, उरलेलं व ताटात आलेलं अशी तिन्ही वजनं लिहून मागावीत.