सुवर्णरोख्यांवरची सूट येते कुठून?

ट्रेडिंगच्या ॲपवर SGBAUG28V असं टाइप केलं की एक सुवर्णरोखा समोर येतो. ही २०२०-२१ ची पाचवी मालिका. केंद्र सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँकेने ती ऑगस्ट २०२० मध्ये ग्रॅमला ५,३३४ रुपये दराने विकली. एक रोखा म्हणजे ९९९ शुद्धतेचं एक ग्रॅम सोनं. ऑगस्ट २०२८ मध्ये सरकार त्या वेळच्या सोन्याच्या भावाने पैसे परत करणार आणि तोवर मूळ दरावर वर्षाला अडीच टक्के व्याज देणार. सोन्याचा पूर्ण भाव आणि वर व्याज, असा हा सौदा आहे. मग हा रोखा सोन्यापेक्षा थोडा महागच असायला हवा. योजना २०१५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली, तेव्हापासून अनेकदा दिसलं आहे ते मात्र उलट. शेअर बाजारात हेच रोखे सोन्याच्या भावापेक्षा दोन-चार टक्के, कधी त्याहूनही अधिक स्वस्त मिळतात. काही काळ ते महागही झाले होते, त्याकडे पुढे येऊच.

ही सूट समजून घ्यायची तर आधी गोल्ड ईटीएफकडे पाहावं लागतं. ईटीएफचं युनिट सोन्यापेक्षा स्वस्त झालं, तर मोठे व्यापारी ते बाजारातून उचलतात, फंडाला परत करतात आणि बदल्यात सोनं किंवा त्याचे पैसे घेतात. महाग झालं तर उलटा व्यवहार करतात. या देवाणघेवाणीत त्यांना फायदा असतो, म्हणून युनिटचा भाव सोन्याच्या भावापासून फार लांब जात नाही. सुवर्णरोख्याला अशी सोय नाही. तो देऊन सोनं मिळत नाही, आणि पैसे देणारी रिझर्व्ह बँक ठरलेल्या तारखांनाच दार उघडते. आठ वर्षांनी मुदत संपते तेव्हा, किंवा पाच वर्षं झाल्यावर दर सहा महिन्यांनी व्याजाच्या तारखेला. एरवी तुमचा रोखा घेणारा फक्त दुसरा गुंतवणूकदार असतो, आणि तो म्हणेल तीच किंमत.

असा दुसरा गुंतवणूकदार सहज सापडत नाही. सरकारने एकूण ६७ मालिका विकल्या आणि प्रत्येकीचं बाजारातलं चिन्ह वेगळं आहे. सोनं तेच असलं तरी एका मालिकेचा खरेदीदार दुसऱ्या मालिकेच्या विक्रेत्याला उपयोगी पडत नाही. बरेचसे रोखे तर लोकांनी मुदतीपर्यंत ठेवण्यासाठीच घेतलेले असतात, ते बाजारात येतच नाहीत. त्यामुळे एखाद्या मालिकेची ऑर्डरची खिडकी उघडली तर असं काहीतरी दिसतं: घेणारा ११,३५० रुपयांना १२ रोखे मागतो आहे, विकणारा ११,५२० ला ३ देतो आहे. मधल्या १७० रुपयांत कुणीच नाही. वर ‘शेवटचा भाव ११,४००’ असं लिहिलेलं असतं, पण तो सौदा सकाळी दोन रोख्यांचा झालेला असू शकतो. अशा वेळी दवाखान्यासाठी किंवा लग्नासाठी ज्याला आजच पन्नास रोखे विकायचे आहेत, त्याला खालचा भाव पत्करावा लागतो. सूट बहुतांशी इथे जन्मते. विकणाऱ्याची घाई आणि घेणाऱ्याची थांबायची तयारी यांतला तो फरक आहे.

फेब्रुवारी २०२४ पर्यंत याला आणखी एक कारण होतं. सरकार दर काही महिन्यांनी नवी मालिका काढत होतं आणि ऑनलाइन पैसे भरणाऱ्याला ग्रॅममागे ५० रुपये सवलत देत होतं. पूर्ण आठ वर्षांचं व्याज देणारा ताजा रोखा जवळपास सोन्याच्या भावाने मिळत असताना जुना त्याच किमतीला कोण घेईल? मग सरकारने नव्या मालिका थांबवल्या. असं कर्ज सरकारला महाग पडत असल्याचं कारण पुढे आलं. नवा माल बंद झाल्यावर जुन्या रोख्यांची मागणी वाढली आणि काही मालिका सोन्याच्या भावाच्याही वर गेल्या. त्यामागे करसवलतीचा मोठा हात होता.

या करसवलतीबाबत खरेदीदारांचा सर्वांत जास्त गैरसमज आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. रिझर्व्ह बँकेकडून रोख्याचे पैसे परत घेताना व्यक्तीला झालेल्या भांडवली नफ्यावर कर नव्हता. बाजारातून जुना रोखा घेऊन तो मुदतीपर्यंत ठेवला तरी ही सवलत मिळते, असं धरून लोक तो चढ्या भावाने घेत होते. २०२६ च्या अर्थसंकल्पाने हा आधार काढून घेतला. १ एप्रिल २०२६ पासून ही माफी फक्त त्याला, ज्याने मूळ विक्रीत रोखा घेतला आणि मुदत संपेपर्यंत सलग जवळ ठेवला. बाजारातून घेणाऱ्याला ती नाही. मूळ धारकाने पाच वर्षांनंतरच्या दारातून मुदतीआधी पैसे घेतले तर त्यालाही नाही. अर्थसंकल्पानंतर लगेच या रोख्यांचे भाव जोरात पडले, यात नवल नव्हतं.

याचा परिणाम असा, की एकाच रोख्याची दोन माणसांसाठी दोन मोलं झाली. ज्याने २०२० मध्ये तो ५,३३४ रुपयांना घेतला, त्याच्यासाठी २०२८ पर्यंतचा सगळा नफा करमुक्त आहे. त्याने आज तो मला विकला, तर त्याला वर्षभरापेक्षा जास्त ठेवलेल्या रोख्यावरचा साडेबारा टक्के कर लागतो आणि मला पुढच्या नफ्यावर तोच कर लागतो. विकताच करमाफी संपते, कोणाच्याही हाती येत नाही. म्हणून समजूतदार मूळ धारक शक्यतो विकत नाही, आणि बाजारात उरतात ते गरजू विक्रेते आणि सावध खरेदीदार. सूट पुढेही दिसत राहील, असं मला वाटतं ते यामुळे.

आता घेणाऱ्याच्या बाजूने आकडे मांडून पाहू. समजा, सोन्याचा भाव ग्रॅमला १२,००० रुपये आहे आणि SGBAUG28V ११,४०० ला मिळतो आहे. म्हणजे पाच टक्के सूट. मुदत संपायला दोन वर्षं आहेत आणि तुम्ही दहा रोखे घेतले, एकूण १,१४,००० रुपयांचे. व्याज तुमच्या खरेदीभावावर मिळत नाही, ५,३३४ वर मिळतं: ग्रॅमला वर्षाला सुमारे १३३ रुपये, दहा रोख्यांना १,३३३. तुमच्या गुंतवणुकीवर हा दर अडीच नाही, जेमतेम १.२ टक्के पडतो, आणि हे व्याज तुमच्या उत्पन्नात धरून त्यावर कर लागतो. सोनं जितकं महाग होईल तितकं हे व्याज किरकोळ वाटू लागतं. ‘सोनं अधिक अडीच टक्के’ ही जाहिरात जुन्या रोख्याला लावू नये.

दोन वर्षांत सोनं जागचं हललं नाही, असं धरू. मुदतीला १,२०,००० मिळतील. ६,००० रुपये सुटीतून आणि २,६६७ रुपये व्याजातून, असे करापूर्वी ८,६६७ रुपये सुटतात. वर्षाला पावणेचार टक्क्यांच्या आसपास. ६,००० वरचा साडेबारा टक्के कर ७५० रुपये होतो. तीस टक्क्यांच्या गटातल्या माणसाचे व्याजावर आणखी ८०० जातात. उपकर सोडला तरी हाती सुमारे ७,१०० राहतात. तीच सूट पाच वर्षांवर पसरली असती, तर तिचा वाटा वर्षाला जेमतेम एक टक्का झाला असता. म्हणून सुटीचा आकडा एकटा पाहून काही कळत नाही. मुदतीला किती वर्षं राहिली आहेत, त्याने तो भागायला हवा.

याच उदाहरणात सोनं दोन वर्षांत दहा टक्के घसरलं, तर १,०८,००० मिळतील आणि व्याज धरूनही तुम्ही सुमारे ३,३०० रुपयांनी तोट्यात जाल. सरकारची हमी पैसे वेळेवर देण्याची आहे, सोन्याच्या भावाची नाही. पाच टक्के सूट सोन्याची एका आठवड्याची घसरणही खाऊन टाकू शकते.

या मालिकेची पाच वर्षं ऑगस्ट २०२५ मध्ये भरली, त्यामुळे तिच्यासाठी फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं दार उघडतं. आज सुटीत घेऊन पुढच्या तारखेला परत करता येतं आणि तेव्हा सोन्याचा पूर्ण भाव मिळतो. त्यामुळे पाच वर्षं पूर्ण झालेल्या मालिकेत फार मोठी सूट टिकायला नको. पण अर्ज ठरलेल्या मुदतीतच द्यावा लागतो, डिमॅटमधले रोखे असतील तर डिपॉझिटरीमार्फत, आणि त्या तारखा रिझर्व्ह बँक आधी जाहीर करते. एक तारीख चुकली की सहा महिने थांबा. शिवाय घेतल्यापासून बारा महिन्यांच्या आत परत केलं तर नफा अल्पकालीन ठरतो आणि तुमच्या गटाप्रमाणे कर लागतो. वरवर हुकमी वाटणारा हा डाव हिशोबाला बसला तर फारसा गोड राहत नाही.

सूट मोजताना भाव कुठला धरता, यावर सगळं अवलंबून आहे. सराफाच्या फळ्यावरचा २२ कॅरेटचा भाव इथे उपयोगाचा नाही आणि तीन टक्के जीएसटी धरलेला भावही नाही. रिझर्व्ह बँक पैसे परत करते ते मुंबईतल्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनने जाहीर केलेल्या ९९९ सोन्याच्या बंद भावाने, आधीच्या तीन कामकाजाच्या दिवसांची सरासरी काढून. तुलना त्या भावाशीच करावी. हा भाव दहा ग्रॅमचा असेल तर दहाने भागायला विसरू नये. त्याच्यासमोर रोख्याचा शेवटचा सौदा न धरता विक्रेता आत्ता मागतो आहे तो भाव ठेवावा. आणि बाजारभावाने ऑर्डर न टाकता किंमत बांधून टाकावी, नाहीतर तीन रोख्यांपुरता दिसणारा भाव पुढच्या वीस रोख्यांना शंभर-दीडशेने वर चढलेला असतो.

मूळ विक्रीत रोखे घेतलेल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो. तुम्हाला पैशांची नड असेल तर विकण्याआधी बँकेत तारण ठेवून कर्ज मिळतं का, ते विचारा. सुवर्णरोखे कर्जासाठी तारण चालतात. काही महिन्यांच्या व्याजाची तुलना बाजारातली सूट, साडेबारा टक्के कर आणि कायमची गेलेली माफी या तिन्हींच्या बेरजेशी करून पाहा. मुदतीला एक-दोन वर्षंच उरली असतील तर बहुतेक वेळा कर्ज स्वस्त पडेल.