आय आधी की ई? कानाला विचारा

मस्तगडच्या दहावीकरांनो, स्पेलिंगमध्ये आय आणि ई जोडीने आले की आधी उच्चार ऐका. दीर्घ ‘ई’ असेल तर आय-ई: फील्ड, चीफ, बिलीव्ह. पण लगेच आधी सी असेल तर उलटं, ई-आय: सीलिंग, रिसीव्ह. पावतीचं रिसीट असंच: आर, ई, सी, ई, आय, मग मुका पी आणि टी. ‘ए’ ऐकू आला तर सी नसतानाही ई-आय: एट, नेबर, वजनाचं वेट.

सायन्समध्ये सीनंतर आय-ई दिसतं म्हणून पोरं नियमालाच खोटं ठरवतात. पण तिथे दीर्घ ‘ई’ आहेच कुठे? खरे बंडखोर म्हणजे वीअर्ड, प्रोटीन, कॅफीन आणि जप्तीचं सीझ: जोडीआधी सी नाही, तरी ई-आय. स्पीशीजची तऱ्हा उलटी, सीनंतरही आय-ई. एवढे पाच तरी घोकावेच लागतात.