रद्द झालेल्या नोटेची किंमत

शंभराच्या नोटेवर गव्हर्नरांची सही असते आणि धारकाला शंभर रुपये देण्याचं वचन. ते वचन पाळा म्हणत रिझर्व्ह बँकेत गेलात, तर सोनं मिळणार नाही की चांदी. शंभर रुपयांच्याच दुसऱ्या नोटा किंवा नाणी मिळतील. म्हणजे कागदामागे कागदच. तरी वाणी ती नोट घेतो, कारण उद्या ती घाऊक व्यापाऱ्याकडे चालेल. व्यापारी घेतो, कारण सरकार कर याच पैशात भरून घेतं.

मग सरकारनेच नोट नाकारली तर ती मेलीच म्हणायची. २०१६च्या नोव्हेंबरात आपण हे पाहिलं. पण इराकमध्ये याच्या अगदी उलट घडलं.

तिथल्या जुन्या दिनारच्या नोटा ब्रिटनमध्ये छापल्या जात. त्यांचे साचे स्वित्झर्लंडचे होते असं सांगतात, म्हणून पुढे लोक त्यांना ‘स्विस दिनार’ म्हणू लागले. आखाती युद्धाच्या सुमारास निर्बंध आले, बाहेरची छपाई थांबली. सद्दाम हुसेनच्या सरकारने हलक्या कागदावर स्वतः नोटा छापायला घेतल्या. खर्च भागवायला हव्या तेवढ्या! १९९३च्या मे महिन्यात जुन्या पंचवीस दिनारच्या नोटा रद्द केल्या आणि त्या बदलून घ्यायला जेमतेम तीन आठवडे दिले.

उत्तरेतला कुर्द प्रदेश तेव्हा बगदादच्या हाताबाहेर गेला होता. तिथल्या लोकांनी जुन्या नोटाच वापरत राहायचं ठरवलं. आता या नोटांच्या पाठीशी कोणतंही सरकार नव्हतं, कोणतीही बँक नव्हती. मात्र नव्या नोटाही कुणी छापू शकत नव्हतं. होत्या त्या फाटत, विरत चालल्या, पण संख्या वाढेना. दक्षिणेत सद्दामच्या नोटांचा पूर आला आणि त्यांची किंमत ओसरत गेली. सरकारमान्य नोट घसरत होती, सरकारने टाकलेली नोट टिकून होती.

इथे ‘नोट म्हणजे सरकारवरचा विश्वास’ हे सूत्र खोटं ठरलं असं वाटेल. मला तसं वाटत नाही. सद्दाम जाणार अशी चिन्हं दिसू लागली, तसा डॉलरच्या तुलनेत स्विस दिनार वधारू लागला. त्या नोटांमध्ये सोनं शिरलं नव्हतं. बगदादला पुढे जी सत्ता येईल ती या नोटा मान्य करील, हा लोकांचा अंदाज बाजारभावात उतरत होता. विश्वास सरकारवरच होता, फक्त ते सरकार अजून जन्माला यायचं होतं.

अंदाज बरोबर निघाला. ऑक्टोबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात नवा दिनार वाटला गेला. सद्दामच्या एका दिनारला एक नवा दिनार मिळाला. दहा वर्षांपूर्वी नाकारलेल्या एका स्विस दिनारला मिळाले दीडशे.